सिकलसेल टेस्ट 'निगेटिव्ह' म्हणजे सगळं ओके? वाहक, मलेरिया आणि लग्नाआधीचा रिपोर्ट

मागच्या वर्षी माझ्या मावसबहिणीने व्हॉट्सॲपवर दोन फोटो पाठवले. नागपूरला तिचं लग्न जमत होतं. पहिला फोटो मुलाच्या सिकलसेल कार्डचा होता, त्यावर AS लिहिलेलं. दुसरा तिच्या स्वतःच्या रिपोर्टचा: Solubility Test: Negative. खाली मेसेज होता, "दादा, तो वाहक आहे, मी निगेटिव्ह आहे. म्हणजे टेन्शन नाही ना?"

घरच्यांनी "नाही" असं ठरवूनही टाकलं होतं. पण तो रिपोर्ट फक्त अर्धं उत्तर देत होता. उरलेलं अर्धं काय होतं, ते या लेखात बघूया.

वाहक म्हणजे नेमकं कोण?

रक्तातल्या लाल पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं. त्याचा एक भाग म्हणजे बीटा साखळी. ती कशी बनवायची याची कृती HBB नावाच्या जनुकात लिहिलेली असते. या जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली आणि एक बाबांकडून.

सिकलसेलमध्ये या कृतीतलं एकच अक्षर बदलतं. साखळी बनते, पण वेगळ्या प्रकारची, तिला S म्हणतात. ऑक्सिजन कमी झाला की S हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि पेशी कोयत्यासारखी वाकडी होते. बीटा थॅलेसेमियात बिघाड वेगळा असतो. तिथे साखळी कमी बनते किंवा बनतच नाही.

एक प्रत चांगली आणि एक बदललेली असेल, तर ती व्यक्ती वाहक. वाहक म्हणजे पेशंट नाही. चांगली प्रत काम भागवते आणि बहुतेक वाहकांना आयुष्यभर काही कळतही नाही. आजार होतो तो दोन्ही प्रती बदललेल्या असतील तेव्हा.

एक गोष्ट लक्षात ठेवा: सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमिया हे एकाच जनुकातले दोन वेगळे बिघाड आहेत. पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

इतका त्रासदायक जीन टिकला कसा?

उत्तर आहे मलेरिया. १९४९ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलेसेमियाबद्दल अंदाज मांडला की वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळत असावं. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या निरीक्षणांवरून सिकलसेलबद्दल हेच दाखवून दिलं. जिथे मलेरिया भरपूर, त्या किनारपट्टीवर आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठी वाहक खूप होते. मलेरिया नसलेल्या उंच भागात ते जवळपास नव्हतेच.

वाहकाच्या लाल पेशीत मलेरियाचा परजीवी शिरला की ती पेशी लवकर वाकडी होते आणि प्लीहा तिला परजीवीसकट काढून टाकते. यामुळे इन्फेक्शन थांबतं असं नाही. लहान मुलांचा जीव घेणारा गंभीर मलेरिया मात्र खूप कमी होतो. (म्हणून वाहकालाही मलेरिया झाला तर पूर्ण औषध घ्यायचंच.)

आता एक छोटं गणित. समजा, मलेरियाच्या भागात साध्या १०० मुलांपैकी १० मलेरियाने दगावतात. वाहक मुलं वाचतात. दोन्ही प्रती S असलेली मुलं जुन्या काळात मोठी होण्याआधीच जातात. जीन कुठे स्थिरावेल?

```
S चं प्रमाण = 10 / (10 + 100) = 1/11, म्हणजे सुमारे 9%
```

म्हणजे दर ६ माणसांत सुमारे १ वाहक आणि दर १२१ बाळांत १ आजारी. एका बाजूला सिकलसेल मुलं नेतो, दुसऱ्या बाजूला मलेरिया नेतो, आणि तराजू मध्येच कुठेतरी थांबतो. एक बदललेली प्रत असलेला सगळ्यात फायद्यात, या स्थितीला मिश्रयुग्मी लाभ म्हणतात.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, विदर्भात किंवा नंदुरबारकडे काही समाजांमध्ये सिकलसेल जास्त दिसतो, सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांमध्ये थॅलेसेमिया जास्त दिसतो, तो कोणाचा "दोष" नाही. पूर्वजांनी मलेरियाशी दिलेल्या झुंजीची ती खूण आहे, आणि समाजातच लग्नं होत राहिल्यामुळे ती तिथेच साठून राहिली.

दोन, मलेरिया कमी झाला म्हणून जीन आपोआप जाणार नाही. वरच्या उदाहरणात मलेरिया उद्या पूर्ण संपला, तरी S चं प्रमाण निम्मं व्हायला ११ पिढ्या लागतात. पिढी २५ वर्षांची धरली तर पावणेतीनशे वर्षं. फायदा संपला, पण धोका आपल्याकडेच राहिला. म्हणून तपासणी.

बहिणीच्या रिपोर्टमध्ये काय सुटलं?

सोल्युबिलिटी टेस्टमध्ये रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात. S असेल तर द्रावण गढूळ होतं आणि मागच्या रेषा दिसत नाहीत. स्वस्त आणि झटपट, गावात शिबिर घ्यायला उत्तम. पण ही टेस्ट एकच प्रश्न विचारते: S आहे का? पॉझिटिव्ह आलं तरी माणूस वाहक आहे की पेशंट, हे ती सांगत नाही. आणि थॅलेसेमिया तिला दिसतच नाही, कारण तिथे गढूळ होणारं काही नसतंच.

मी बहिणीला म्हटलं, "जुना CBC आहे का फोनमध्ये?" तिने PDF पाठवली. त्यात हे होतं:

```
Hb     10.8
RBC    5.9
MCV    63
```

हिमोग्लोबिन कमी, म्हणून एका डॉक्टरांनी तिला कित्येक महिने लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. आकडा हलला नव्हता. पण नीट बघा. MCV म्हणजे लाल पेशीचा आकार, तो साधारण ८० च्या वर हवा, इथे ६३. RBC म्हणजे पेशींची संख्या, ती मात्र भरपूर. लोह कमी असेल तर सहसा पेशी लहानही होतात आणि कमीही होतात. थॅलेसेमियाच्या वाहकात पेशी लहान, पण संख्येने जास्त असतात. यासाठी एक सोपा भागाकार आहे:

```
MCV / RBC = 63 / 5.9 = 10.7
```

१३ पेक्षा कमी आलं तर थॅलेसेमिया वाहक असल्याचा संशय घ्यायचा. हे निदान नाही, फक्त पुढची टेस्ट करायचा इशारा आहे. पुढची टेस्ट म्हणजे HPLC, ज्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून टक्केवारी मोजतात. तिचा HbA2 आला ५.४ टक्के. साधारण ३.५ च्या वर गेला की बीटा थॅलेसेमियाचा वाहक समजतात.

म्हणजे ती "निगेटिव्ह" नव्हती. ती दुसऱ्या बिघाडाची वाहक होती.

कोणत्या जोडीला धोका?

- AS + AS: प्रत्येक गर्भारपणात बाळाला सिकलसेल आजाराची शक्यता २५ टक्के.
- बीटा थॅलेसेमिया वाहक + तसाच वाहक: थॅलेसेमिया मेजरची शक्यता २५ टक्के. अशा मुलाला आयुष्यभर ठरावीक दिवसांनी रक्त द्यावं लागतं.
- AS + बीटा थॅलेसेमिया वाहक: सिकल-बीटा थॅलेसेमियाची शक्यता २५ टक्के. एका प्रतीतून S बनतो, दुसरीतून पुरेशी चांगली साखळी येत नाही. बिघाड जास्त असेल तर त्रास थेट सिकलसेल आजारासारखाच.
- कुठलाही वाहक + दोन्ही प्रती चांगल्या असलेली व्यक्ती: यातला कुठलाही आजार नाही, फक्त निम्मी शक्यता मूल वाहक असण्याची.

२५ टक्के म्हणजे "चारातलं एक मूल" असा हिशेब नाही. प्रत्येक वेळी नाणं नव्याने उडतं.

HPLC कुठे फसतं?

लोह खूप कमी असेल तर HbA2 खाली येतो आणि वाहक सुटू शकतो, त्यामुळे रिपोर्ट काठावर असेल तर लोह भरून काढून पुन्हा टेस्ट करतात. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर रिपोर्टमध्ये दात्याचं हिमोग्लोबिनही दिसतं. काही सौम्य बिघाड HPLC मध्ये दिसत नाहीत, तिथे डीएनए टेस्ट लागते. म्हणून डॉक्टरांना CBC आणि HPLC दोन्ही एकत्र दाखवा.

गावभर टेस्ट केली की प्रश्न सुटतो?

ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या गावात सिकलसेल तपासणी झाली. सुमारे पाव लोक वाहक निघाले. वाहकांनी एकमेकांशी लग्न टाळावं, अशी अपेक्षा होती. काही वर्षांनी पाहिलं तर वाहक-वाहक लग्नं तेवढीच झाली होती, जेवढी तपासणीशिवाय झाली असती. स्थळ हातचं जाईल म्हणून लोकांनी कार्ड लपवलं. डाग मात्र वाहकांवर बसला.

सायप्रसमध्ये थॅलेसेमियाबाबत वेगळं घडलं. तिथे चर्चने १९८३ पासून लग्नाआधी तपासणीचं प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. दोघं वाहक निघाले तरी बहुतेक जोडपी लग्न करतच होती, पण पुढे गर्भाच्या तपासणीचा मार्ग त्यांच्या हातात होता. थॅलेसेमिया मेजर असलेल्या बाळांचा जन्म जवळपास थांबला.

आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल मिशन सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे लक्ष्य आहे, आणि त्यातून कार्डं मिळतायत. कार्ड स्थळ नाकारण्यासाठी वापरलं गेलं तर आपलं ऑर्कोमेनोस होईल. आणि "S नाही" म्हणजे "काहीच नाही" असं वाचलं गेलं, तर माझ्या बहिणीसारख्या जोड्या निसटतील.

मग त्यांनी काय केलं?

दोघं समुपदेशकाकडे गेले. तिथे कळलं की गर्भाची तपासणी करायची असेल तर आधी दोघांचा नेमका बिघाड डीएनए टेस्टने शोधून ठेवावा लागतो, कारण बाळात काय शोधायचं ते माहीत हवं. गर्भाच्या वारेचा नमुना साधारण १० ते १२ आठवड्यांत घेतात, तेव्हा धावपळ करून जमत नाही. त्यांनी डीएनए टेस्ट लग्नाआधीच करून घेतली.

लग्न झालं, मी जेवून आलो. तिच्या धाकट्या भावानेही नंतर HPLC केली, कारण बहीण वाहक असेल तर भाऊ वाहक असण्याची शक्यता निम्मी. तो खरंच निगेटिव्ह निघाला. त्याच्या रिपोर्टवर या वेळी HbA2 चा आकडाही होता.