यवत परिसरातील मधमाशीपालन

यवत हे पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील, पुणे-सोलापूर महामार्गावरील गाव आहे. कालव्याच्या पाण्यामुळे या भागात उसाचे क्षेत्र मोठे असून गुऱ्हाळेही बरीच आहेत. लहान शेतातील मधमाशीपालनावर या दोन गोष्टींचा परिणाम होतो.

फुलोरा आणि गुऱ्हाळे

ऊस हे वाऱ्याने परागण होणारे गवतवर्गीय पीक असून त्यापासून मधमाश्यांना मकरंद मिळत नाही. डाळिंबाच्या फुलांतून मुख्यतः पराग मिळतो. त्यामुळे मधाची भिस्त बियाण्याचा कांदा, सूर्यफूल, शेवगा, बोर अशा विखुरलेल्या फुलोऱ्यावर राहते.

हिवाळ्यात गुऱ्हाळे चालू असताना माश्या उसाच्या रसाकडे व काकवीकडे वळतात. पुष्कळ माश्या काहिलीत पडून मरतात. परतणाऱ्या माश्या पोळ्यात रस साठवतात. तो मध नव्हे. भारतीय मानकांनुसार सामान्य मधात सुक्रोज ५ टक्क्यांहून आणि पाणी २० टक्क्यांहून अधिक चालत नाही. म्हणून पेट्या गुऱ्हाळापासून शक्य तितक्या दूर ठेवाव्या लागतात. मकरंद मिळत असल्यास माश्या त्यालाच पसंती देतात, त्यामुळे पेट्या फुलोऱ्याकडे हलवणे हाच खरा उपाय ठरतो.

साहित्य व खर्च

सपाट, कोरड्या भागात व्यापारी पालनासाठी सहसा युरोपीय (मेलिफेरा) माशी वापरतात. सातेरी घाटमाथ्याच्या जंगलांत अधिक रमते. वसाहतीसह एका पेटीस सुमारे ४,००० ते ५,००० रुपये धरल्यास पाच पेट्यांचा खर्च २०,००० ते २५,००० रुपये होतो. मधयंत्र, धुराडे, बुरखा व हातमोजे यांचा खर्च वेगळा. मधयंत्र वर्षातून मोजकेच दिवस लागत असल्याने दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून घेणे परवडते.

प्रशिक्षण पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत (स्थापना १९६२) मिळते. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत साहित्यावर ५० टक्के अनुदान असून मंडळ हमीभावाने मध खरेदी करते.

उत्पन्न व विक्री

मेलिफेराच्या पेटीमागे २५ किलो किंवा त्याहून अधिक मधाचे जे आकडे सांगितले जातात, ते पेट्या हंगामानुसार परजिल्ह्यांत किंवा परराज्यांत नेणाऱ्या पालकांचे असतात. पेट्या एकाच बागेत राहिल्यास पेटीमागे ८ ते १० किलो धरणे सुरक्षित. पाच पेट्यांचे ४० ते ५० किलो मध किरकोळीत ४०० रुपये दराने १६,००० ते २०,००० रुपयांना जाते. यातून उन्हाळ्यात व पावसाळ्यात द्यावयाच्या साखरपाकाचा खर्च वजा होतो. पहिल्या वर्षी भांडवल सहसा पूर्ण निघत नाही.

चौकटीतील तीन-चतुर्थांश घरे मेणाने बंद झाल्यावरच मध काढतात. त्याआधी काढलेला पातळ मध आंबतो. विक्रीसाठी अन्नसुरक्षा नोंदणी आवश्यक असते. थंडीत मध गोठून साखरेसारखा दिसला की ग्राहक तो भेसळीचा समजतात, पण गोठणे हा शुद्ध मधाचाही गुणधर्म आहे.

पेटीच्या दाराशी अचानक मेलेल्या माश्यांचा ढीग दिसल्यास बहुधा आसपास कीटकनाशक फवारलेले असते. फवारणी संध्याकाळी, माश्या परतल्यावर करावी, हे शेजारच्या बागायतदाराशी आधीच ठरवून घ्यावे लागते.