मुलाखतीचा फोन आला? होकार देण्याआधी एवढं विचारा

आयटीआय झालेल्या मुलांना चाकण, रांजणगावच्या कंपन्यांसाठी भरती करणाऱ्यांचे फोन येतात, "उद्या मुलाखतीला या, पगार १८ हजार." लगेच एसटी पकडू नका. काम कोणत्या मशीनवर, शिफ्ट कोणती, नेमणूक कंपनीकडून, ठेकेदाराकडून की अप्रेंटिस म्हणून, हे आधी विचारा.

१८ हजार हातात मिळणार की ती सीटीसी आहे, हेही विचारा. समजा सीटीसी १८ हजार आणि त्यात मूळ पगार १२ हजार आहे. मग पीएफचा कंपनीचा हिस्सा १,४४० आणि कामगाराचा १,४४० वजा होऊन १५,१२० उरतात. ईएसआय, कँटीन, बसची कपात वेगळी.

नंतर टप्पे विचारा. लेखी परीक्षा, मशीनवरची ट्रेड टेस्ट, मुलाखत, मेडिकल हे सगळं एकाच दिवशी, की पुन्हा यावं लागेल? प्रत्येक हेलपाट्याला भाडं जातं आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते.

उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मेसेज असा करा: "सर, कंपनीचं नाव, काम, हातात येणारा पगार आणि मुलाखतीचे टप्पे कळवा. मग येण्याचं नक्की करतो." खऱ्या भरतीवाल्याला हे सांगायला अडचण नसते. माहिती टाळून नोंदणीचे पैसे मागितले, तर जाऊ नका.