संत गाल येथील मठाचा आराखडा

मध्ययुगाच्या आरंभी यूरोपातील मठवासी कसे राहत, हे सांगणारा एक कागद – कागद कसला, चामडेच ते – स्वित्झर्लंडमधील संत गाल येथील मठाच्या ग्रंथालयात आजही जपून ठेविलेला आहे. इ. स. ८२५ च्या सुमारास जवळच्याच रायखेनाऊ मठात तो तयार करून संत गालचे मठाधिपती गोत्सबर्ट यांजकडे धाडण्यात आला. पाच चर्मपत्रे एकास एक शिवून त्यांवर तांबड्या शाईने सुमारे चाळीस इमारती रेखिलेल्या आहेत. असा मठ हुबेहूब कोठेच बांधिला गेला नाही. परंतु मठात काय काय असावे, ही त्या काळची समजूत त्यात स्पष्ट दिसते.

मंदिराच्या उत्तरेस लेखनशाळा आहे. खिडक्यांलगत सात मेजे, मध्ये एक मोठे मेज, आणि वरच्या मजल्यावर ग्रंथालय. लिहावयाचे ते चामड्यावर. म्हणून ग्रंथ आणि गोठा यांचा संबंध आम्हांस वाटतो त्याहून निकटचा होता. वासराचे वा मेंढराचे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवावयाचे, केस खरडून काढावयाचे व चौकटीवर ताणून वाळवावयाचे, तेव्हा पाने तयार होत. मोठ्या ग्रंथास शेकडो जनावरांची कातडी लागत. आराखड्यात मेंढ्या, शेळ्या, गाई, डुकरे, घोड्या या सर्वांस निरनिराळे गोठे आहेत, आणि धान्याच्या कोठारातील खळे क्रुसाच्या आकाराचे आहे.

आजाऱ्यांचे घर पूर्वेस असून त्यास स्वतंत्र प्रार्थनामंदिर आहे. शेजारी वैद्याचे घर व त्यातच अत्यवस्थ रोग्यांची खोली. जवळच औषधी वनस्पतींचे सोळा वाफे! त्यांत पुदिना, बडीशेप, जिरे व मेथी ही नावे वाचून आमच्या चामटोलीतील गृहिणींस ओळख पटेल. फळबागेचे स्थान तर मठाच्या स्मशानभूमीतच. कबरींच्या मधून झाडे लाविलेली.

पाहुण्यास प्रत्यक्ष ख्रिस्त समजून घ्यावे, त्यातही गोरगरीब व यात्रेकरू यांची विशेष काळजी वाहावी, असा संत बेनेदिक्ताचा नियम होता. आराखड्यात मात्र यात्रेकरूंचे घर निराळे व मातब्बर पाहुण्यांचे निराळे आहे. नियम आणि व्यवहार यांत अंतर पडे, हे आम्ही लपवीत नाही. तथापि गरिबांच्या घरासही स्वतःची भट्टी होती, हे विसरता येत नाही.

हा आराखडा टिकला तो मात्र चामडे महाग होते म्हणून. बाराव्या शतकाच्या अखेरीस कोणा लेखनिकाने त्याची पाठ कोरी पाहून, घडी घालून, तीवर संत मार्टिनचे चरित्र उतरविले. शेवटी जागा अपुरी पडली. तेव्हा त्याने पान उलटून वायव्य कोपऱ्यातील एक इमारत खरडून टाकिली व चरित्राचा शेवट तेथे लिहिला.