छतावरील सौर कोटेशनची परतफेड (रावेत, पिंपरी-चिंचवड)

छतावर सौर पॅनेल बसवण्यासाठी विक्रेत्याने दिलेल्या कोटेशनमधली रक्कम वीजबिलातल्या बचतीतून किती वर्षांत वसूल होईल, हे काढण्याची पद्धत. पवनेकाठच्या रावेतमध्ये उंच गृहसंकुले आणि थोडी रो-हाउसेस शेजारी शेजारी आहेत. त्यामुळे इथे हा हिशेब दोन प्रकारांनी होतो, एक स्वतःच्या घराच्या मीटरचा आणि दुसरा सोसायटीच्या सामाईक मीटरचा. दोन्हींत भागाकार एकच असतो : अनुदान वजा जाता उरलेला खर्च भागिले वर्षाची बचत. खर्चाचा आकडा कोटेशनवर स्पष्ट लिहिलेला असतो. फसगत होते ती बचतीच्या आकड्यात.

खर्च तपासताना एकूण रकमेला किलोवॅटने भागून दर किलोवॅटचा भाव काढावा आणि दोन-तीन कोटेशने त्या भावावर ताडून पाहावीत. त्याआधी कोटेशनमध्ये जीएसटी, लोखंडी सांगाडा, अर्थिंग, नेट मीटरचे काम आणि वायरिंग धरले आहे का, हे विचारावे. पाण्याच्या टाकीच्या सावलीतून वर येण्यासाठी सांगाडा उंच करावा लागला, तर भाव बराच वाढतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. साहित्य ७० टक्के आणि सेवा ३० टक्के अशी विभागणी धरली, तर पूर्ण कामावर ८.९ टक्के कर पडतो. जुन्या पद्धतीने हाच कर १३.८ टक्के होता. कोटेशनवर अजून तो दिसत असेल, तर दुरुस्ती मागावी.

केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२४ मधल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटसाठी दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये अनुदान मिळते. कमाल रक्कम ७८,००० रुपये. त्यापुढे किलोवॅट वाढले तरी अनुदान वाढत नाही. पैसे काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होतात, म्हणजे विक्रेत्याची रक्कम आधी पूर्ण उभी करावी लागते. अनुदानासाठी पॅनेल देशी बनावटीच्या सेलचे हवेत. अशा पॅनेलचा भाव आयात सेलच्या पॅनेलपेक्षा जास्त असतो. स्वस्त कोटेशनमध्ये आयात पॅनेल आणि हिशेबात ७८,००० रुपये, असे दोन्ही एकत्र दिसले तर ते कोटेशन बाजूला ठेवावे.

आता बचत. पुणे परिसरात एक किलोवॅट संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० युनिट देतो. महावितरणचे घरगुती दर मात्र टप्प्याटप्प्याने चढतात. २०२४-२५ मध्ये वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटना ५.८८ रुपये, १०१ ते ३०० पर्यंत ११.४६, ३०१ ते ५०० पर्यंत १५.७२ आणि त्यापुढे १७.८१ रुपये असा दर होता. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, म्हणून प्रत्यक्ष हिशेब आपल्या चालू बिलावरूनच करावा. इथे लक्षात घ्यायचे ते हे, की नेट मीटरमध्ये सौर युनिट बिलातून वजा होतात तेव्हा आधी सर्वांत महागडे युनिट जातात आणि स्वस्त युनिट शेवटी.

उदाहरणापुरते रावेतमधले महिना ३५० युनिट वापरणारे एक रो-हाउस घेऊ. ३ किलोवॅटचे कोटेशन २,१०,००० रुपयांचे आहे आणि अनुदान वजा जाता १,३२,००० उरतात. विक्रेता ३६० युनिटना ३०० च्या वरच्या टप्प्याचा दर लावतो आणि शुल्कासह महिन्याला सुमारे ६,५६५ रुपये बचत दाखवतो. त्याच्या कागदावर परतफेड पावणेदोन वर्षांच्या आत येते. प्रत्यक्षात ३५० पैकी फक्त ५० युनिट त्या टप्प्यातले आहेत, २०० मधल्या टप्प्यातले आणि १०० सर्वांत स्वस्त टप्प्यातले. टप्प्यांप्रमाणे बेरीज केली, की शुल्कासह बचत सुमारे ४,२५० रुपये येते, म्हणजे वर्षाला ५१,००० आणि परतफेड २.६ वर्षे. हा काळही उत्तम आहे, पण तो विक्रेत्याने सांगितलेला नाही.

याहून उपयोगी आहे ती प्रत्येक किलोवॅटची स्वतंत्र तपासणी. या घरात पहिला किलोवॅट महिन्याला सुमारे १,८४० रुपये वाचवतो, दुसरा १,५९५ आणि तिसरा ८१५. तिसऱ्याच्या वाट्याला मुख्यतः १०० च्या आतले स्वस्त युनिट येतात. दोन किलोवॅटचे कोटेशन १,५०,००० असेल, तर ६०,००० अनुदानानंतरचे ९०,००० रुपये २.२ वर्षांत वसूल होतात. तिसऱ्या किलोवॅटवर घातलेल्या वाढीव ४२,००० रुपयांना मात्र सव्वाचार वर्षे लागतात. वापर महिना २०० युनिटच असेल, तर ३ किलोवॅटला साडेपाच वर्षे आणि २ किलोवॅटला पावणेचार वर्षे. विद्युत गाडी किंवा नवा एसी लवकरच येणार असेल, तरच मोठा संच घ्यावा.

जास्तीची वीज विकून फायदा होईल, या भरवशावर मोठा संच घेऊ नये. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांप्रमाणे शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण मार्चअखेर खाते बंद होते आणि उरलेल्या युनिटना घरगुती दरापेक्षा खूप कमी मोबदला मिळतो. एप्रिल-मेची शिल्लक जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत कामी येते. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हाची शिल्लक मात्र बहुधा स्वस्तात जाते. स्थिर आकार तर शून्य युनिटच्या बिलातही द्यावाच लागतो, त्यामुळे ‘शून्य बिल’ असे लिहिलेले कोटेशन त्या एका ओळीपुरते तरी चुकीचे असते.

सोसायटीच्या सामाईक मीटरचे गणित याहून चांगले असते. लिफ्ट, पंप आणि सांडपाणी प्रकल्प मिळून महिना ३,००० युनिट लागत असतील आणि मीटर घरगुती टप्प्यांच्या दरावर असेल, तर १० किलोवॅटचे १,२०० युनिट सगळेच्या सगळे ५०० च्या वरच्या टप्प्यातून वजा होतात. शुल्कासह युनिटला २०.६६ रुपये, म्हणजे वर्षाला जवळजवळ तीन लाख. संस्थेला सामाईक सोयींसाठी दर किलोवॅटला १८,००० अनुदान मिळते. ६ लाखांच्या कोटेशनमधून १.८ लाख वजा केले, की दीड वर्षात पैसे परत येतात. मीटर उच्चदाबाचा असेल, तर हे दर लागू पडत नाहीत, म्हणून बिलावरची वर्गवारी आधी वाचावी.

सावली हा या हिशेबाचा सर्वांत कच्चा दुवा आहे. लिफ्टची खोली, टाकी आणि शेजारच्या इमारतीची सावली डिसेंबरमध्ये, सूर्य दक्षिणेकडे खाली असताना, सर्वांत लांब पडते. विक्रेते पाहणीला मे महिन्यात आले, तर छत स्वच्छ उन्हात दिसते. डिसेंबरच्या एका दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला छताचे फोटो काढून त्यांवर पॅनेलची जागा आखावी. एका साखळीत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर सावली आली, तरी सगळ्या साखळीचे उत्पादन घसरू शकते. अशा छतावर १२० ऐवजी ९० युनिट धरून परतफेड पुन्हा काढावी. पॅनेलवर साधारणतः २५ वर्षांची उत्पादन हमी असते, पण इन्व्हर्टर मध्येच एकदा बदलावा लागण्याची शक्यता धरून त्याची किंमत हिशेबात घालावी. संच बसल्यावर इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमधले महिन्याचे युनिट आणि बिलावरचे निर्यात युनिट दोन्ही लिहून ठेवावेत. अ‍ॅपमधले उत्पादन उन्हाळ्यातही दर किलोवॅटला १०० च्या खाली राहिले, तर सावली, धूळ किंवा सैल जोडणी यांपैकी काहीतरी शोधायला विक्रेत्याला बोलवावे. योजनेत नोंदलेल्या विक्रेत्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते.