मुदत ठेवींची शिडी : निवृत्तीनंतरच्या व्याजाचा हिशोब

मे २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवर आला होता. त्या सुमारास निवृत्त झालेल्या अनेकांनी हाती आलेली सगळी रक्कम एकाच पावतीवर पाच वर्षांसाठी ठेवली. पुढे फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ६.५० टक्के झाला, ठेवींचे दरही चढले, पण या मंडळींची रक्कम जुन्या दरातच अडकलेली होती. पावत्यांची मुदत संपली २०२५ मध्ये, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीपासून दरकपात सुरू होऊन जूनमध्ये रेपो ५.५० वर आला होता. म्हणजे चढ सगळा हुकला आणि उताराला मात्र ते वेळेवर हजर झाले. यात त्यांची चूक काही नव्हती, दर पुढे कुठे जाणार हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणूनच सगळी रक्कम एका तारखेच्या भरवशावर न ठेवण्याची शिडीची पद्धत उपयोगी पडते.

शिडी म्हणजे रकमेचे समान भाग करून ते वेगवेगळ्या मुदतीला ठेवायचे. समजा, एका जोडप्याकडे २० लाख रुपये आहेत. त्यांचे चार-चार लाखांचे पाच भाग करून एक, दोन, तीन, चार आणि पाच वर्षांच्या पावत्या केल्या. ज्येष्ठ नागरिकांचे दर हिशोबापुरते अनुक्रमे ६.५०, ६.७५, ७, ७ आणि ७.२५ टक्के धरू. वर्षाचे व्याज २६, २७, २८, २८ आणि २९ हजार, एकूण १,३८,००० रुपये होते. महिन्याला साधारण साडेअकरा हजार. सगळी रक्कम पाच वर्षांनाच ठेवली असती तर १,४५,००० मिळाले असते. हे सात हजार म्हणजे शिडीची पहिल्या वर्षाची किंमत, ती लपवण्यात अर्थ नाही.

आता शिडीतली महत्त्वाची पायरी. एक वर्षाची पावती पिकली की ती पुन्हा एक वर्षाला ठेवायची नाही, पाच वर्षांना ठेवायची. तोपर्यंत दोन वर्षांच्या पावतीचे एकच वर्ष उरलेले असते, तीनच्या पावतीची दोन, असे सगळे एकेक पायरी खाली उतरलेले असतात आणि नवी पावती वरच्या रिकाम्या जागी बसते. दरवर्षी हेच करत गेल्यास चार वर्षांनंतर सर्व पावत्या पाच वर्षांच्या दराच्या होतात आणि तरीही दरवर्षी एक पावती पिकत राहते.

दर पडले तर काय होते ते पाहू. समजा पहिल्या वर्षानंतर सर्व मुदतींचे दर दीड टक्क्याने उतरले आणि तिथेच राहिले. पहिली पावती आता ५.७५ ने ठेवावी लागेल, तिचे व्याज २६ हजारांऐवजी २३ हजार. एकूण उत्पन्न १,३५,००० होईल, म्हणजे महिन्याला अडीचशे रुपये कमी. पुढच्या वर्षी १,३१,०००, मग १,२६,०००, मग १,२१,००० आणि सहाव्या वर्षी १,१५,०००. याउलट ज्याने २० लाख एकेक वर्षाने फिरवत ठेवले, त्याचे १,३०,००० एका झटक्यात एक लाखावर येतील. महिन्याला अडीच हजारांची खोट भाजी, औषधे, वीजबिल यांतूनच भरून काढावी लागते.

सगळे पाच वर्षांना ठेवणाऱ्याला या उदाहरणात पाच वर्षे शिडीपेक्षा जास्तच मिळेल आणि सहाव्या वर्षी तो एकदम १,१५,००० वर येईल. दर उलट चढले असते, तर मात्र तो पाच वर्षे बघत बसला असता. शिडी घसरण थांबवत नाही, ती पाच वर्षांवर पसरते. महागाईवरचा इलाजही ती नाही. माझे मत विचाराल तर पात्र असलेल्यांनी आधी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा विचार करावा आणि उरलेल्या रकमेची शिडी बांधावी.

शिडी मोडते ती बहुधा 'ऑटो रिन्युअल'मुळे. अर्जावरच्या त्या चौकोनात खूण केलेली असली की एक वर्षाची पावती संगणक पुन्हा एकाच वर्षाला, त्या दिवशीच्या दराने नूतनीकृत करतो. दोन-तीन वर्षे लक्ष गेले नाही तर एक आणि दोन वर्षांच्या पावत्या एकाच वर्षी पिकतात, पाच वर्षांच्या नव्या पावत्या तयार होत नाहीत आणि शिडीचे बुंध्याशी गाठोडे होते. ओळखायचे कसे? सर्व पावत्यांच्या मुदतपूर्तीच्या तारखा एका कागदावर लिहा. एखाद्या वर्षी दोन तारखा आणि एखादे वर्ष रिकामे दिसले, की समजावे. त्यासाठी पावती करतानाच 'मुदतीनंतर रक्कम बचत खात्यात जमा' अशी सूचना द्यावी आणि ती तारीख कालनिर्णयावर लिहून ठेवावी. मात्र रक्कम जमा झाल्यावर हलवायला विसरू नये, बचत खात्याचे व्याज फारच कमी असते.

मध्येच पैसे लागले तर? मुदतीपूर्वी मोडल्यास ठेव जितका काळ राहिली, त्या काळासाठी ठेवीच्या दिवशी असलेला दर मिळतो आणि त्यातून बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का दंड कापतात. वरच्या उदाहरणातील ७.२५ टक्क्यांची पाच वर्षांची पावती दोन वर्षांनी मोडली, तर दर ६.७५ वजा १, म्हणजे ५.७५ टक्के. दोन वर्षांत ५८,००० व्याज दिले गेले आहे, देय मात्र ४६,०००. फरकाचे १२,००० रुपये मुद्दलातून वळते होतात आणि चार लाखांचे ३,८८,००० हातात येतात. काउंटरवर यावरून झालेले वाद मी पुष्कळ ऐकले आहेत. पुढची पायरी तीन महिन्यांत पिकणार असेल, तर ठेवीवर कर्ज काढणे स्वस्त पडते. त्याचा दर बहुधा ठेवीच्या दरापेक्षा एक टक्का जास्त असतो आणि ठेवीचे व्याज चालूच राहते. एक लाखाला तीन महिन्यांचा निव्वळ भुर्दंड साधारण २५० रुपये. शिवाय चार लाखांच्या एका पावतीऐवजी दोन लाखांच्या दोन केल्या, तर गरजेपुरती एकच मोडता येते.

पावत्या कुठे ठेवाव्यात, यासाठी ठेव विम्याची मर्यादा पाहावी. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख आहे. एकाच बँकेच्या पाच शाखांत पाच पावत्या केल्या तरी त्यांची बेरीज एकच धरली जाते. सहकारी बँकेत अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून पूर्ण शिडी तिथे लावणाऱ्यांनी हे आधी वाचावे. वेगळ्या बँकांत चार-चार लाख ठेवून व्याज बाहेर घेत राहिल्यास रक्कम मर्यादेत बसते. त्या बँकेत बचत खाते असेल तर तेही या बेरजेत येते.

मासिक व्याज घेतल्यास ते थोडे वजावट करून मिळते, तिमाही व्याज पूर्ण असते. पावत्या वेगवेगळ्या महिन्यांत उघडल्या, तर तिमाही व्याज घेऊनही दर महिन्याला कोणत्या ना कोणत्या पावतीचे पैसे खात्यात येतात. त्यासाठी पहिली पावती एप्रिलमध्ये, दुसरी मेमध्ये, तिसरी जूनमध्ये उघडावी आणि उरलेल्या दोन यांपैकी ज्या महिन्यांत खर्च जास्त येतो त्यांत बसवाव्यात.