चंद्राला आधीच कसं कळलं? दोन गेजची गोष्ट

आजच्या भागात एक जुना वाद आहे, आणि त्यात एक विचित्र प्रश्न. समजा, इथे पृथ्वीवर मी एक विद्युतभार झटकन एक मीटर सरकवला. चंद्र साधारण 3,84,000 किलोमीटरवर, म्हणजे प्रकाशाला तिथे पोचायला 1.28 सेकंद लागतात. पण गणित एका पद्धतीने मांडलं, तर चंद्राजवळचं विभव त्याच क्षणी बदलतं. अरे, मग वेगमर्यादेचं काय?

1873 च्या आपल्या ग्रंथात मॅक्सवेलने सदिश विभव A वापरलं आणि त्याचं डायव्हर्जन्स शून्य घेतलं: `div A = 0`. असं घ्यायची मुभा असते, कारण A मध्ये एखाद्या फलनाचा उतार मिळवला आणि अदिश विभव φ मधून त्याच फलनाच्या बदलाचा वेग वजा केला, तर प्रत्यक्ष मोजता येणारी क्षेत्रं तशीच राहतात. या निवडीलाच गेज म्हणतात. मॅक्सवेलच्या गेजला आज कूलोम गेज म्हणतात.

दुसरी निवड डेन्मार्कच्या लुडविग लॉरेन्झची, तीही आधीची, 1867 ची. त्याने विभवं उशिरा पोचणारी घेतली: तिथे आत्ता जे दिसतं, ते स्रोताने `r/c` इतक्या वेळापूर्वी केलेलं. मग दोन्ही विभवं काळाने जोडली जातात: `div A + (1/c²) ∂φ/∂t = 0`. मॅक्सवेलने पुढच्याच वर्षी आक्षेप घेतला, की अशात क्रिया आणि प्रतिक्रिया समान राहत नाहीत. पुढे गंमत अशी झाली, की हे श्रेय हॉलंडच्या लोरेन्ट्झला गेलं. नाव सारखं, माणूस वेगळा. कितीतरी पुस्तकांत आजही तो 'ट' घुसलेला दिसतो!

वायरमधून स्थिर प्रवाह वाहतोय, लोहचुंबक ठेवलाय, अशा वेळी भांडणच नाही. φ काळानुसार बदलत नाही, म्हणून दुसऱ्या अटीतलं काळाचं पद गळून पडतं आणि दोन्ही अटी एकच होतात. हळू बदलणाऱ्या गोष्टींनाही जवळजवळ हेच लागू. आपल्या घरच्या 50 हर्ट्झची तरंगलांबी 6000 किलोमीटर आहे. तिच्यापुढे ट्रान्सफॉर्मर म्हणजे काहीच नाही, म्हणून मी तिथे बिनधास्त `div A = 0` घेईन. पण 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर. तिथे खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेला फोनसुद्धा 'दूर' आहे.

आता चंद्राकडे परत. कूलोम गेजमध्ये φ खरंच क्षणात बदलतं. पण मोजतो आपण विद्युतक्षेत्र, आणि ते φ चा उतार आणि A च्या बदलाचा वेग या दोघांतून बनतं. या गेजमध्ये A चा स्रोत वायरमधला प्रवाह नसतो. त्या प्रवाहाचा फक्त डायव्हर्जन्स-मुक्त भाग असतो, आणि तो भाग सगळ्या अवकाशात पसरलेला असतो, जिथे एकही भार नाही तिथेसुद्धा. म्हणून चंद्राजवळ A सुद्धा लगेच बदलायला लागतं आणि φ ची घाई बरोबर खोडून काढतं. 1.28 सेकंद होईपर्यंत विद्युतक्षेत्र जराही हलत नाही.

नेमकं इथेच लोक घसरतात. φ कूलोमचं घेतात आणि A मात्र वायरच्या पूर्ण प्रवाहातून, उशिराच्या सूत्राने काढतात. अर्धं या गेजचं, अर्धं त्या! ही चूक ओळखायची कशी? उभा छोटा अँटेना घ्या. त्यातून येणारं A सगळीकडे उभंच असतं, त्यामुळे वर तिरक्या दिशेला लाटेच्या प्रवासाच्या रेषेतही त्याचा भाग पडतो आणि तो `1/r` ने कमी होतो. कूलोमचं φ तिथे इतक्या वेगाने विरतं, की त्याला हा भाग खोडता येत नाही. मग उत्तरात दूरवर विद्युतक्षेत्र प्रवासाच्याच दिशेत डोलताना दिसतं. तसं दिसलं, की समजायचं, गेज मिसळलेत. लॉरेन्झच्या गेजमध्ये φ सुद्धा `1/r` चं असतं आणि तो भाग तंतोतंत खोडतं. शिवाय भार वेगळे शोधावेच लागत नाहीत: प्रवाहातून A काढा, अटीतून φ मिळवा, झालं. म्हणून अँटेनाच्या गणितात मी डोळे झाकून लॉरेन्झ घेतो.

त्या काळच्या दिग्गजांनाही हे सोपं गेलं नाही. डब्लिनच्या फिट्झजेराल्डने 1879 मध्ये निष्कर्ष काढला होता, की बदलत्या प्रवाहातून लाटा निघणारच नाहीत. 1882 मध्ये उशिराची विभवं हाती घेतल्यावर त्याने स्वतःच ते मत बदललं. 1888 मध्ये इंग्लंडमधल्या बाथच्या परिषदेत त्यानेच हर्ट्झच्या लाटांची बातमी सांगितली, आणि तिथेही विभव क्षणात पोचतं का यावर वाद रंगला. हेव्हिसाइडचं तर म्हणणं होतं, दोन्ही विभवं फेकूनच द्या, क्षेत्रांवर काम करा.

कूलोम मात्र निवृत्त झालेला नाही. जिथे भार आणि प्रवाह नाहीत, नुसता प्रकाश आहे, तिथे त्याच्यात φ सरळ शून्य होतं आणि उरतात A च्या दोन आडव्या दिशा, म्हणजे प्रकाशाची दोन ध्रुवीकरणं. क्वांटम ऑप्टिक्सवाले म्हणूनच तो आजही पसंत करतात.