एसओपीमधला क्षेत्रबदलाचा परिच्छेद: मेकॅनिकल अभियंत्याने काय लिहावे?

परदेशी विद्यापीठात डेटा सायन्सच्या मास्टर्ससाठी अर्ज करताना बहुतेक ठिकाणी 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' म्हणजेच एसओपी जोडावे लागते. अर्जदार मेकॅनिकल शाखेचा असेल, तर त्यातला क्षेत्रबदलाचा परिच्छेद सर्वांत महत्त्वाचा ठरतो. गुणपत्रिकेत थर्मोडायनॅमिक्स आणि मशीन डिझाइन दिसत असते. मग हा विद्यार्थी मशीन लर्निंगकडे का वळतो आहे आणि त्याला ते झेपेल का, या दोन प्रश्नांची उत्तरे याच परिच्छेदात द्यावी लागतात.

उदाहरण कुठून घ्यावे?

उत्तर बहुधा नोकरीतच सापडते. कोल्हापूरचेच पाहा. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींत लोखंडाचे कास्टिंग करणाऱ्या अनेक फौंड्री आहेत. तिथे ओल्या वाळूच्या साच्यात वितळलेले लोखंड ओततात. वाळूत ओलावा जास्त झाला किंवा वायू बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर कास्टिंगच्या आत पोकळी राहते. तिला ब्लोहोल म्हणतात. अनेकदा ती मशीनिंग करतानाच, म्हणजे काही दिवसांनी उघडी पडते. तोपर्यंत त्याच वाळूचे आणखी कितीतरी साचे ओतून झालेले असतात.

वाळूचा ओलावा, साच्याची वायू बाहेर सोडण्याची क्षमता, ओतण्याचे तापमान यांच्या नोंदी फौंड्रीत रोज होतात. कास्टिंगवरच्या हीट नंबरवरून सदोष नग कोणत्या दिवशीचा, हेही कळते. या दोन नोंदी जोडल्या की मशीन लर्निंगचा खराखुरा प्रश्न तयार होतो.

आकडे कसे मांडावेत?

समजा, १,००० कास्टिंगपैकी ४० सदोष आहेत. 'सगळे चांगले' एवढेच सांगणारे मॉडेलही ९६ टक्के अचूक ठरते, पण एकही सदोष नग पकडत नाही. दुसऱ्या मॉडेलने ७० नग संशयित ठरवले आणि त्यातले २८ खरोखर सदोष निघाले, तर त्याने ४० पैकी २८, म्हणजे ७० टक्के दोष पकडले. त्याची एकूण अचूकता मात्र ९४.६ टक्केच भरते. म्हणून नुसती अचूकता लिहिलेली पाहून जाणकार वाचक लगेच सावध होतो.

दुसरी चूक सहज लक्षात येत नाही. नोंदींची सरमिसळ करून काही शिकवण्यासाठी आणि काही चाचणीसाठी घेतल्या, तर एकाच हीटचे नग दोन्हीकडे जातात. मॉडेल मग दोषाचे कारण न शिकता ती हीटच ओळखू लागते. आधीच्या महिन्यांवर शिकवून नंतरच्या महिन्यावर तपासले, की खरी परीक्षा होते आणि आकडा बहुधा खाली येतो. हा उतरलेला आकडा लपवू नये. पुढे शिकण्याची गरज त्यातूनच दिसते.

नमुना परिच्छेद

पुढचा नमुना काल्पनिक आहे. प्रत्यक्ष एसओपी बहुधा इंग्रजीत लिहितात. इथे मजकुराचा क्रम पाहावा.

> "फौंड्रीत गुणवत्ता विभागात काम करताना ब्लोहोलमुळे सुमारे ४ टक्के कास्टिंग रद्द होत होती. ओलावा ठरलेल्या मर्यादेत असूनही काही दिवशी दोष वाढत. एकेक घटक वेगळा तपासणाऱ्या आमच्या तक्त्यांतून त्याचे कारण मिळेना. मी आठ महिन्यांच्या वाळूच्या आणि हीटच्या नोंदी जोडून पायथनमध्ये डिसिजन ट्रीवर आधारित मॉडेल केले. सरमिसळ केलेल्या चाचणीत त्याने ४० पैकी २८ सदोष नग ओळखले; पुढच्या महिन्याच्या नोंदींवर ४० पैकी फक्त १६. ऋतूनुसार वाळू बदलते तेव्हा मॉडेल का ढासळते, हे समजण्याइतके संख्याशास्त्र माझ्याकडे नाही. म्हणून मला टाइम सिरीज आणि सांख्यिकी अनुमान हे विषय शिकायचे आहेत."

हा क्रम का चालतो?

सुरुवातीला कामातली अडचण आली आहे, मग जुनी पद्धत कुठे थांबली ते, त्यानंतर स्वतः केलेला प्रयत्न आणि शेवटी त्याची मर्यादा. अभ्यासक्रमाची मागणी त्या मर्यादेतून आपोआप पुढे येते. मेकॅनिकलची पदवी इथे अडसर ठरत नाही, कारण ओलाव्याचा आणि पोकळीचा संबंध ओळखायला तेच ज्ञान लागले. शेवटच्या वाक्यातले विषय मात्र त्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात खरोखर आहेत का, हे प्रत्येक अर्जाआधी तपासावे.

परिच्छेद फसला आहे का, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. फौंड्रीचे संदर्भ काढून टाकले तरी तो तसाच चालत असेल, तर त्यात बहुधा सॉफ्टवेअरची नावे आणि ऑनलाइन कोर्सची यादीच उरलेली असते. कंपनीचे आकडे वापरण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि ग्राहकांची नावे टाळावीत. जे काम सहकाऱ्याने केले, ते त्याचेच म्हणून लिहावे. मुलाखत झाली तर पहिला प्रश्न बहुधा याच आकड्यांवर येतो.